‘डेंजर’ म्हणजे किती

रावेरच्या केळी उत्पादक संघाने माती आणि पानं तपासायची प्रयोगशाळा काढली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. प्रमिला तिथे केमिस्ट म्हणून रुजू झाली ती एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेली, सव्वीस वर्षांची, जरा तोंडाने तिखट मुलगी. प्रयोगशाळा म्हणजे पॅकिंग शेडच्या मागच्या बाजूला काढलेल्या तीन खोल्या. पुढे दिवसभर ट्रक भरले जायचे, केळीचे घड उतरायचे, दांडे कापून तिथेच फेकले जायचे. त्या दांड्यांचा चीक आणि कुजलेल्या केळ्यांचा आंबूस गोड वास भिंतीत मुरला होता. वासाचं प्रमिलाला काही वाटलं नाही. ती शेतकऱ्याच्या घरातली होती.

तिला किळस आली ती मागच्या खोलीत.

प्रयोगशाळेचे प्रमुख मोतीलालभाऊ पहिल्या दिवशी तिला सगळं दाखवत फिरले, पण मागच्या खोलीपाशी येऊन म्हणाले, “इथं जुनं सामान आहे, राहू द्या.” दुसऱ्या दिवशी ते जळगावला गेले असताना तिने कडी काढली. आत छातीएवढा ढीग होता. कापडी पिशव्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्याने बांधलेल्या पुड्या. प्रत्येकीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर. ही शेतकऱ्यांनी तपासायला दिलेली केळीची पानं होती. खालच्या पिशव्यांमधला पाला काळा होऊन त्याचा लगदा झाला होता, लगद्याचं पाणी गळून फरशीवर चिकट थर धरला होता आणि त्या थरात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिने एक पिशवी उचलली तर तळच सुटला.

“ही पानं तपासली नाहीत का?” तिने संध्याकाळी मोतीलालभाऊंना विचारलं.

“तपासली ना. रिपोर्ट गेले सगळ्यांचे.”

तिने रिपोर्टांच्या नकला काढून पाहिल्या. पालाश, म्हणजे पोटॅश, तीन पूर्णांक चार टक्के, पुरेसं. पालाश तीन पूर्णांक पाच टक्के. पुन्हा तीन पूर्णांक चार. तांदलवाडीचा काळ्या रानातला बाग असो की पालच्या बाजूचा मुरमाड, सगळ्यांचं पान एकसारखं. मग तिने लाकडी कपाट उघडलं. पान विरघळवायला जी दोन ॲसिडं लागतात, त्यांतल्या दुसऱ्या, परक्लोरिक ॲसिडच्या बाटलीचं सील सहा वर्षांत कुणी तोडलेलंच नव्हतं. म्हणजे एकही पान कधी तपासलं गेलं नव्हतं. मोतीलालभाऊ खुर्चीत बसून आकडे लिहीत होते आणि लोक त्या आकड्यांवर खत टाकत होते.

 नुसत्या वासाची किळस आली असती तर बरं, असं तिला वाटलं.

त्यानंतर तिला तिथलं सगळंच दिसायला लागलं. मोतीलालभाऊ चहा काचेच्या बीकरमध्ये उकळायचे, त्याच बीकरमध्ये कधी काय होतं देव जाणे. सिंकमध्ये पानाच्या पिचकाऱ्या. फ्रीजमध्ये रसायनांच्या शेजारी त्यांचं दही. ओट्यावर, जिथे तोलायचं त्याच जागी, पेपर पसरून डबा. ती स्वतःचा डबा बाहेर निंबाखाली बसून खायची आणि आत यायच्या आधी दोनदा हात धुवायची. मोतीलालभाऊ हसून म्हणायचे, “मॅडम अजून कॉलेजात आहेत.” माणूस तसा गोड बोलणारा होता. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दशक्रियेला चुकायचा नाही. त्याचा तिला जास्त त्रास व्हायचा.

त्या खोल्यांमध्ये तिला एकच माणूस कामाचा वाटला, तो हिलाल. प्रयोगशाळेचा शिपाई, चाळिशीचा, घरची दोन एकर केळी, सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. गावात कुणी फवारणीचं औषध आणलं की डबा घेऊन लोक हिलालकडे यायचे, कारण त्याला डब्यावरचे रंग कळायचे.

“लाल त्रिकोन असला का पॉयझन लिहेल असते, वर खोपडी. ते सगळ्यात जहाल,” तो तिला सांगायचा. “मंग पिवळा, तेबी पॉयझनच. निळ्यावर डेंजर लिहेल असते, ते मधलं. हिरव्यावर कॉशन, ते साधं. निळं औषध मी उघड्या हातानं कालवतो मॅडम, वीस वर्षं झाली.”

“उघड्या हातानं निळंही कालवू नये,” ती म्हणाली होती. पण रंगांची त्याची उजळणी बरोबर होती, आणि एवढं तरी कुणी वाचतं आहे याचंच तिला बरं वाटलं होतं. त्या बऱ्या वाटण्यात ती पुढचं सांगायला विसरली.

फेब्रुवारीत तिने ठरवलं की आता खरी तपासणी करायची. हिलालला घेऊन नवीन पानं आणली, धुतली, सावलीत आणि मग भट्टीत वाळवली, दळली. एका ग्रॅमला किती नायट्रिक ॲसिड, रात्रभर कसं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ॲसिडचा धूर बाहेर ओढणाऱ्या पेटीत मंद आचेवर कसं धरायचं, हे तिने त्याला दाखवलं. पानातला सगळा कच्चा भाग आधी नायट्रिकने खाल्ला पाहिजे, मगच दुसरं ॲसिड घालायचं, आणि भांडं कधी कोरडं होऊ द्यायचं नाही, हे तिने तीनदा सांगितलं. लाकडी कपाटातल्या त्या सीलबंद बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, “याला मात्र तुम्ही हात लावू नका. मी खाली काढीन.”

का लावू नये, ते काही तिने सांगितलं नाही. नंतर ही गोष्ट तिला फार खुपली.

नायट्रिक ॲसिड आणि गाळणकागद आणायला ती एका मंगळवारी जळगावला गेली. दुकानात माल लगेच मिळाला नाही, तिथून सुटायलाच एक वाजला, आणि ती एसटीने रावेरला परतली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. शेडमध्ये गाड्या भरणं चालू होतं. ती मागच्या बाजूला गेली, प्रयोगशाळेचं दार उघडं होतं, मोतीलालभाऊ खुर्चीत मान टाकून झोपले होते. फरशीवर कपाटासमोर एक मोठा, ओलसर, झाडलेला डाग होता. त्याच्या कडेला लाकडाच्या भुशाचे चार-दोन कण चिकटले होते.

हिलाल मागच्या पायरीवर बसला होता. उजव्या हाताची बोटं त्याने मळक्या रुमालात गुंडाळली होती.

“काय सांडलं?” तिने विचारलं.

“काही नही मॅडम. बाटली तडकली.”

“कोणती?”

त्याने खाली पाहिलं. “तुमी उद्या काढणार व्हत्या. म्हटलं कपाट पुसून ठेवू, बाटली ओट्यावर मांडून ठेवू, तुमचं काम सोपं व्हईल. ठेवता ठेवता बूड ओट्याच्या कोरेले लागलं.”

तिने रुमाल सोडवला. तीन बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती आणि मधल्या बोटाची कातडी सुटली होती. “पाण्यात धरली होती?”

“धरली. थोडी.”

तिने त्याला हौदाच्या नळाखाली बसवलं आणि नळ सोडून दिला. “पंधरा मिनिटं हात काढायचा नाही. बाटलीचे तुकडे कुठे आहेत?”

“बादलीत.”

बादली कोपऱ्यात होती. तिने ओट्यावरचे रबरी हातमोजे चढवले आणि लेबलाचा तुकडा वर काढला. बाटली परदेशी होती, कुठल्याशा मदतीतून आलेली. लेबल अजून स्वच्छ होतं. त्यावर नारिंगी रंगाचे दोन चौकोन होते. एका चौकोनात काळ्या रेषेत नळीतून हातावर आणि पट्टीवर थेंब पडताना आणि दोन्ही झिजताना दाखवलं होतं. दुसऱ्यात एक गोळा आणि त्याच्या डोक्यावर ज्वाळा. वर मोठ्या अक्षरांत डेंजर. खाली बारीक ओळी: जोरदार ऑक्सिडायझर, जळाऊ वस्तूंना लागल्यास आग लागेल, तापवल्यास स्फोट होईल, कातडी व डोळे भाजतील.

“तुम्ही हे वाचलं होतं का?” तिने तुकडा हिलालच्या समोर धरला.

“वाचलं ना. म्हणून त सांगतो. डेंजर लिहेल हाये. खोपडी नही, पॉयझन नही. म्हटलं मधलं औषध. आन् हा जाळ हाये म्हणजे इस्तवाजवळ नेऊ नये. म्हणून मी आधी शेगडी बंद केली, मोतीलालभाऊची बिडी विझवाले लावली.”

तो खरं सांगत होता. त्याने वाचलं होतं, विचार केला होता, आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे काळजीही घेतली होती.  डब्यावरचा डेंजर आणि बाटलीवरचा डेंजर हे दोन वेगळे शब्द आहेत हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. फवारणीच्या डब्यावर तो खालून दुसरा असतो. या बाटल्यांवर डेंजर म्हणजे सगळ्यात वर, त्याच्या खाली वॉर्निंग, त्याच्या खाली कॉशन. आणि ज्वाळेच्या खाली गोळा असला की ती वस्तू स्वतः पेटते असा अर्थ नसतो, ती दुसऱ्याला पेटवते असा असतो. नुसती ज्वाळा असेल तर ठिणगीपासून दूर ठेवायचं. गोळ्यावरची ज्वाळा असेल तर लाकूड, कागद, सुती चिंधी, स्पिरिट, तेल, भुसा, जे काही जळू शकतं त्या सगळ्यांपासून दूर ठेवायचं. तिथे ठिणगीची गरज नसते.

“सांडलेलं कशाने टिपलं?”

“आधी फडक्यानं. बोटं चुरचुरली तं सोडलं. मंग मोतीलालभाऊ म्हणले, काचसामानाच्या पेटीतला भुसा टाक, सोसून घेईल. पोतंभर भुसा व्हता. टाकला, सोसला, झाडला.”

“कुठे आहे तो?”

“शेवंताअक्कानं नेला.”

शेवंताबाई प्रयोगशाळा झाडणारी. पन्नाशीची विधवा, शेडच्या पलीकडच्या वस्तीत राहायची. तिच्याकडे भुशाची शेगडी होती. सॉमिलचा भुसा विकत घ्यावा लागे, म्हणून इथल्या पेट्यांमधला भुसा ती नेहमीच मागून न्यायची, आणि तो द्यायला कुणाची हरकत नसायची.

“किती वाजता नेला?”

“दोनला. घमेल्यात भरून.”

प्रमिलाने खुर्चीत झोपलेल्या मोतीलालभाऊंना हलवलं. त्यांनी डोळे उघडले. तिने एका दमात सांगितलं की भुसा पेटेल, स्फोट होईल, आपल्याला लगेच जायला हवं, तुमची मोटारसायकल द्या. मोतीलालभाऊंनी जांभई दिली, तोंडावरून हात फिरवला.

“मॅडम, तुम्ही फार पुस्तकी बोलता. पाण्यासारखं होतं ते. वाससुद्धा नव्हता.”

“लेबल वाचलं होतं तुम्ही?”

“सहा वर्षं कपाटात होती ती बाटली. काही झालं का? अन् बाईला आता जाऊन सांगणार का, भुसा परत दे म्हणून? गावभर होईल. संघाचं नाव जाईल.”

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात पानाचा लाल ओघळ वाळला होता. त्यांना खरंच कळत नव्हतं असं नाही. बीएस्सी झालेला माणूस, ऑक्सिडायझर म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. कळूनही त्यांच्या चेहऱ्यावर फक्त झोपमोड झाल्याचा वैताग होता.  प्रमिला धुळ्याकडची, घरात अहिराणी बोलणारी, कामाच्या जागी ती बोली कधी तोंडात येऊ द्यायची नाही. त्या क्षणी आली.

“बठ्ठं सडेल शे आठे,” ती म्हणाली, म्हणजे सगळंच सडलंय इथं, आणि ती बाहेर पडली.

हिलाल ओला हात घेऊन तिच्या मागे धावला. ती पळतच पलीकडच्या वस्तीत शिरली. हिलालने घर दाखवलं. दारासमोर अंगणात एक जुना पत्रा होता, त्यावर उन्हात भुसा पसरलेला. ओला म्हणून वाळायला घातलेला. आणि पत्र्याच्या पलीकडे, सावलीत, शेवंताबाई उकिडवी बसून शेगडी भरत होती. शेगडीच्या मधोमध गोल दांडका उभा होता, भोवती भुसा, आणि तिच्या हातात मुसळाचं तुटकं टोक. भुसा दाबून बसवायला तिने ते वर उचललं होतं.

“अक्का, थांबा,” प्रमिला म्हणाली. आवाज चढवायचा नाही, दचकवायचं नाही, हे तिने पळतानाच ठरवलं होतं. “हातातलं खाली ठेवा. हळूच, बाजूला मातीत. ठोकू नका. आता उठा आणि माझ्याकडे या.”

शेवंताबाईने तिच्याकडे पाहिलं, मग हिलालच्या हाताकडे. मुसळ मातीत ठेवलं आणि उठून आली.

“काय झालं वं बाई?”

“शेगडीतला भुसा कोणता? हाच, पत्र्यावरचा?”

“जो थोडा सुकला व्हता तो भरला. घरातला कोरडा खाले टाकला. भाकरीचा टाइम झाला ना.”

“किती ठोकला?”

“आता त सुरू करत व्हती.”

घरासमोर पाण्याचा एक हंडा आणि एक बादली भरलेली होती. प्रमिलाने दोघांना घराच्या भिंतीआड उभं केलं. स्वतः बाजूला उभी राहून तांब्याने आधी शेगडीवर पाणी सोडलं, वरून नाही, कडेने, धार बारीक ठेवून. भुसा फुगला, पाणी तोंडाशी आलं, सांडलं. ती ओतत राहिली. मग पत्र्यावर. पत्र्याच्या उन्हाकडच्या कडेला भुशाचा रंग तपकिरी झाला होता, चटका बसल्यासारखा, आणि त्यातून धुराची अगदी बारीक रेघ वर जात होती. जवळ विस्तव नव्हता, काडीही कुणी ओढली नव्हती. हिलालने भिंतीआडून ते पाहिलं आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

हंडा संपला, बादली संपली. शेजारच्या बाया जमल्या, त्यांच्याकडून पाणी आलं. दहा-बारा बादल्यांनंतर भुशाचा चिखल झाला. प्रमिलाने ॲसिड मारायला वाण्याकडून खायचा सोडा मागवला, दोन किलो, तो त्या चिखलात टाकला. फसफस झाली, थांबली, तिने आणखी टाकला. फसफस होईनाशी झाल्यावर तिने त्याला पुन्हा पाणी घातलं आणि सगळा चिखल उकिरड्यापासून दूर, मोकळ्या रानात खड्डा करून पुरायला सांगितला. शेवंताबाईचे हात, पाय, लुगड्याचा पदर तिने स्वतः धुतला. घमेल्याचा तळ आतून खाल्ल्यासारखा खरबरीत झाला होता. मुसळाच्या टोकालाही तिने पाणी मारलं.

 शेवटी शेवंताबाई ओल्या अंगणात उभी राहून म्हणाली, “त्या बाटलीवर काय लिहेल व्हतं?”

प्रमिलाने धुऊन पदरात खोचून आणलेला लेबलाचा तुकडा तिच्यासमोर धरला. शेवंताबाईला अक्षर येत नव्हतं. तिने चित्रं पाहिली, बराच वेळ.

“हे त हात जळेल दिसते,” ती म्हणाली. “आन् हे चेंडूवर जाळ. हे मले कुणी दाखवलं असतं त मी कशाले नेला असता भुसा? मले वाचता येत नही, दिसते त.” मग ती हिलालकडे वळली. “तू मोठा वाचणारा.”

 प्रमिलाला वाटलं, हे बोलणं हिलालला नाही, आपल्याला आहे. हात लावू नका एवढं सांगून आपण मोकळे झालो होतो.

परत येऊन अंधार पडायच्या आत त्यांनी बाकीचं आवरलं. पहिलं सुती फडकं कपाटाच्या खणात कोंबलेलं सापडलं, स्पिरिटच्या बाटलीला टेकून. तिने ते चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत बुडवलं. कपाटाच्या ज्या लाकडी फळीवर ती बाटली सहा वर्षं होती, तिथे झाकणाखालून पाझरून काळा गोल डाग पडला होता. तिने फळीच काढून धुतली आणि अंगणात पाण्याखाली ठेवली. कपाटातली प्रत्येक बाटली खाली काढली. नुसती ज्वाळा असलेल्या एका बाजूला, गोळ्यावरच्या ज्वाळेच्या दुसऱ्या खोलीत, दगडी ओट्यावर चिनी मातीच्या ताटात. हाताचं चित्र असलेल्या सगळ्यात खाली, म्हणजे पडल्या तरी डोळ्यांत उडणार नाहीत. काही बाटल्यांवर चित्रं नव्हती, फक्त लाल शाईत विष. काहींची लेबलं चघळल्यासारखी झाली होती. एका बाटलीत मोतीलालभाऊंनी सुपारी ठेवली होती. तिने ती बाटली सुपारीसकट टाकून दिली.

मग हिलालला घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बोटं धुतली, मलम लावलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर नख गेलं असतं म्हणाले.

संघाचे चेअरमन झुलालआबा चार दिवसांनी आले. धोतर, टोपी, शांत बोलणारा म्हातारा, त्यांची स्वतःची पंचवीस एकर केळी. प्रमिलाने त्यांना तक्रार लिहून दिली होती, तिच्यात सांडलेल्या ॲसिडाबरोबर मागच्या खोलीतल्या पिशव्यांचाही मजकूर होता. मोतीलालभाऊंनी आबांसाठी चहा मागवला. “मॅडम घाबरल्या आबा. काही झालं नाही. बाईच्या अंगणात पाणी टाकलं, संपलं.”

“झालं नाही ते मले माहीत हाये,” आबा म्हणाले. “काय होनार होतं ते सांग.”

मोतीलालभाऊंनी चहाचा कप आबांपुढे सरकवला. प्रमिलाने संघाच्या दुकानातून आणलेला फवारणीचा एक डबा आबांपुढे ठेवला आणि शेजारी लेबलाचा तुकडा. डब्यावर निळा त्रिकोण आणि डेंजर. तुकड्यावर नारिंगी चौकोन आणि डेंजर. तिने हिलालला बोलायला सांगितलं. हिलालने बांधलेला हात पुढे धरून सांगितलं की मी दोन्ही एकच समजलो, आणि आबा, आपल्या गावात सगळे एकच समजतील.

“मंग तुले कुनी शिकवलं नाही?” आबांनी विचारलं.

“मोतीलालभाऊ सहा वर्षं इथं हाये,” हिलाल म्हणाला. एवढंच.

आबा उठून मागच्या खोलीत गेले. दार उघडून आत पाहिलं, लगेच रुमाल नाकाला लावला. दोन पिशव्यांवरची नावं वाचली. तिसरी त्यांच्याच पुतण्याची होती. बाहेर येऊन ते हौदाशी हात धूत राहिले, हाताने काही उचललं नव्हतं तरी.

आठ दिवसांत निकाल लागला. मोतीलालभाऊंची बदली संघाच्या खत गोदामावर झाली, पगार तोच. निरोपाला हार घातले गेले, फोटो निघाला, कुणीतरी भाषणात त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोललं. प्रमिलाला प्रयोगशाळेचा ताबा मिळाला. सोबत आबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पोरी, जुन्या रिपोर्टांचं लोकांना सांगू नको, त्यांचा संघावरचा विश्वास उडेल, आता पुढचं नीट कर.

तिने ऐकून घेतलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोस्टातून कार्डं आणवली आणि पिशव्यांवरच्या नावांची यादी करायला बसली. प्रत्येक कार्डावर एकच मजकूर: आपण दिलेल्या पानाची तपासणी झालेली नव्हती, पूर्वीचा रिपोर्ट खरा धरू नये, कृपया नवीन नमुना आणून द्यावा. हिलालने डाव्या हाताने पत्ते लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं, पण कार्डं पोहोचली. आबांनी तिला पुन्हा बोलावलं नाही, आणि कार्डांबद्दल एक शब्दही काढला नाही.

लोक आले. काही चिडून आले, काही नुसती नवी पानं घेऊन आले. एक म्हातारा येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, तीन वर्षं मी त्या कागदावर पोटॅश कमी टाकलं.  प्रमिलाने त्याची पिशवी घेतली, नाव लिहिलं.

शेवंताबाई महिनाभर प्रयोगशाळेत पाय ठेवीना. मग एके दिवशी आपण होऊन आली, झाडू घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आधी बठ्ठ्या बाटल्या दाखव. प्रमिलाने एकेक बाटली दाखवली. शेवंताबाई चित्रावर बोट ठेवायची, काय करायचं ते सांगायची, चुकलं तर पुन्हा विचारायची. गोळ्यावरची ज्वाळा आली तेव्हा ती म्हणाली, “इथं सांडलं त मी हात लावनार नही, तुले बोलावनार, आन् पानी.” हिलाल दारात उभा होता. “आन् डेंजर लिहेल असलं त?” त्याने विचारलं.

“मले लिहेल वाचता येत नही,” ती म्हणाली, “तूच सांग.”

हिलालने सांगितलं. बरोबर सांगितलं.

एप्रिलमध्ये प्रमिला एकदा गोदामात गेली, खताच्या पोत्यांवरचे आकडे पाहायला. मोतीलालभाऊ पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. पोत्यांवर पानाची पिंक होती. तिला पाहून ते उठले, मोकळेपणी हसले, खुर्ची पुसून दिली. “बसा मॅडम. चहा सांगतो. आपल्यात काय राग ठेवायचा.”

त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. ते सगळं विसरून गेले होते. 

“नको,” ती म्हणाली. तिने वहीत आकडे उतरवून घेतले आणि उन्हातून पायी परत निघाली. ओट्यावर अकरा भांड्यांत पानांची पूड रात्रभर नायट्रिकमध्ये भिजत होती, ती मंद आचेवर धरायची वेळ झाली होती.